फॉर्म्युला पाठ होता, तरी उत्तर चुकलं

"सर, मुलगी दहावीत आहे, ऑलिम्पियाडची तयारी करतेय. टॉलेमीच्या प्रमेयाची सिद्धता घेऊन तासन्‌तास बसते, म्हणून मी ती पानंच काढून ठेवली आणि फॉर्म्युला रोज वीस वेळा लिहायला लावला. तरी टेस्टमध्ये 'चौकोनाच्या चारही बाजू 5, एक कर्ण 6, तर दुसरा कर्ण किती' याला तिने 25/3 लिहिलं, उत्तर 8 होतं. हिला गणित जमणार नाही असं वाटतं. ऑलिम्पियाड सोडायला लावून कॉमर्सला घालू का?"

मार्कांचं नंतर बघू, मला आधी त्या काढून ठेवलेल्या पानांबद्दल बोलायचंय. तुमच्या मुलीने फॉर्म्युला अगदी बरोबर वापरला, 5×5 + 5×5 = 50, भागिले 6, आलं 25/3. म्हणजे तुम्ही जे पाठ करून घेतलं ते तिला पाठ होतं. चुकलं ते एवढंच की तो चौकोन चक्रीय नव्हता, आणि हे प्रमेय चक्रीय चौकोनालाच का लागतं ते ज्या पानांवर होतं ती तुमच्या कपाटात होती. ही चूक मी तिच्या नावावर टाकणार नाही.

आता सिद्धता बघा, आणि तिच्या शेजारी बसून बघा. चौकोन ABCD, चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर. सिद्ध करायचंय ते असं:

AC × BD = AB × CD + BC × AD

म्हणजे कर्णांचा गुणाकार हा संमुख बाजूंच्या दोन गुणाकारांची बेरीज. कर्ण BD वर E असा घ्या की ∠BAE = ∠CAD होईल. खरी युक्ती या एका बिंदूत आहे, बाकी सगळं आपोआप येतं. ∠ABD आणि ∠ACD एकाच कंसातले, म्हणून समान, त्यामुळे त्रिकोण ABE आणि ACD समरूप, आणि त्यातून AB × CD = AC × BE. आता सुरुवातीच्या दोन समान कोनांत ∠EAC मिळवा, तर ∠BAC = ∠EAD, आणि ∠ACB = ∠ADB हेही एकाच कंसातले, म्हणून ABC आणि AED समरूप, त्यातून BC × AD = AC × ED. दोन्हींची बेरीज केली की उजवीकडे AC × (BE + ED) राहतं आणि BE + ED म्हणजेच BD. झालं.

"एकाच कंसातले कोन" हे दोनदा आलं ना, वर्तुळ लागतं ते तिथेच. तिच्या गणितातला चौकोन समभुज चौकोन आहे, त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून 3-4-5 चे चार त्रिकोण होतात आणि दुसरा कर्ण 8. तिथे ∠ABD आणि ∠ACD समान नाहीतच, ते मिळून 90° होतात, त्यामुळे सिद्धता पहिल्याच पायरीला अडते. पडताळून बघा: 6 × 8 = 48, आणि फॉर्म्युला म्हणतो 50. चौकोन चक्रीय नसेल तर कर्णांचा गुणाकार त्या बेरजेपेक्षा नेहमी कमीच भरतो. शिवाय समभुज चौकोनाचे समोरासमोरचे कोन समान असतात, त्यांची बेरीज 180° हवी तर दोन्ही 90° पाहिजेत, म्हणजे चौरस सोडून कुठलाच समभुज चौकोन चक्रीय नसतो. सिद्धता हातात असती तर तिने टॉलेमी लावण्याआधी हे बघितलं असतं.

हे प्रमेय कुठे खुलतं ते दाखवायला तिला एक गणित द्या. समभुज त्रिकोण ABC चं परिवर्तुळ, त्याच्या BC कंसावर (ज्यात A नाही) P, PB = 3, PC = 5, तर PA किती? चौकोनाची अक्षरं वर्तुळावरच्या क्रमाने घ्यायची, ABPC, नाहीतर बाजूलाच कर्ण समजून बसतात. इथे चौकोन चक्रीय आहे हे गणितातच दिलंय. कर्ण AP आणि BC. बाजू s धरली तर s × PA = s × 5 + s × 3, s उडतो, PA = 8. त्रिकोणाची बाजू माहीतच नसताना उत्तर आलं! ती हवीच असेल तर ∠BPC = 120° वरून s² = 9 + 25 + 15 = 49, म्हणजे 7.

आता तुमचा प्रश्न. प्रवेश परीक्षेत बहुतेक वेळा नुसतं उत्तर बघतात, ऑलिम्पियाडच्या लेखी फेऱ्यांत सिद्धता लिहावी लागते, आणि ज्या मुलीला सिद्धतेत तासन्‌तास बसवतं तिला त्यातून बाहेर काढायचं कारण मला तुमच्या पत्रात एकही दिसलं नाही. कॉमर्स चांगलंच आहे, पण एका 25/3 ची शिक्षा म्हणून कुणाला तिकडे पाठवू नका, तिला स्वतःला जायचं असेल तर वेगळी गोष्ट, आणि ते तुम्ही अजून तिला विचारलेलं दिसत नाही. वीस वेळा लिहिणं आजपासून बंद करा, पानं परत द्या, आणि समभुज चौकोनात सिद्धतेची कुठली ओळ मोडते ते तिलाच तुम्हाला समजावून सांगू दे.