फोन दुरुस्त होऊन आला आणि मुकाच झाला

"मॅडम, फोनचं चार्जिंग दुरुस्त करून दिलं, पण कडेला नवे ओरखडे आणि स्पीकर बंद. सांगायला गेले तर दुकानातला पोरगा म्हणाला, 'आधीपासूनच असेल.' मी गप्प परत आले. रात्रभर झोप नाही. मी एवढी भित्री कशी?"

फोनच्या जागी कधी मिक्सर असतो, कधी शिवायला दिलेला ब्लाउज. पण हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या जणींनी (आणि पुरुषांनीही) आणलाय की यातली एक हकीकत, ओळख बदलून, मांडतेच.

हा प्रश्न विचारणाऱ्या बाई सिडकोत घरगुती शिकवण्या घेतात. पालकांचे फोन स्पीकरवर घेऊन एकीकडे वह्या तपासायची सवय, त्यामुळे दिवसभराचं कामच अडलं होतं. पहिल्या भेटीत त्या फक्त स्वतःला दोष देत होत्या. मी भित्रेपणावर बोललेच नाही. म्हटलं, "फोन आणि दुकानाने तक्रार लिहून दिलेली जॉबशीट दाखवा."

जॉबशीटवर तक्रार एकच होती, चार्जिंग होत नाही. फोनच्या स्थितीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. ब्लूटूथ बंद करून आम्ही रिंगटोन लावली, आवाज नाही. इअरफोन लावल्यावर स्वच्छ आवाज. कॉल कानाला लावला की पलीकडचं ऐकू येत होतं. म्हणजे फोनमधून आवाज निघत होता, खालच्या स्पीकरपर्यंत तो पोचत नव्हता. आणि बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगची पट्टी तळाशी, त्याच स्पीकरखाली असते. पट्टी बदलायची तर स्पीकर काढावाच लागतो. परत बसवताना त्याचे बारीक संपर्क नीट टेकले नाहीत किंवा स्क्रू सैल राहिला, तर तो मुका होतो. ओरखडेही मागच्या कव्हरच्या सांध्यालगतच होते, जिथे पातळ हत्यार घालून कव्हर उचकटतात. ही शंका होती, पुरावा नव्हे. पण 'आधीपासून असेल' याला विचारण्यासारखा प्रश्न मिळाला होता.

एवढं हातात असूनही पुढच्या भेटीला त्या दुकानात न जाताच आल्या.

"काय अडलं?"

"तो पोरगा काय म्हणेल? बाई भांडकुदळ आहे म्हणेल."

"म्हणू दे. मग काय होईल?"

"मला वाईट वाटेल."

"त्याच्या चांगल्या मताचा स्पीकरशी काय संबंध?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी तिथे दोन गोष्टी मागायला गेले होते."

हे वाक्य त्यांचं होतं आणि मला त्याचं फार समाधान आहे. विवेकनिष्ठ विचारांवर माझा विश्वास आहे तो अशा क्षणांमुळेच. समोरच्याने मला चांगलं म्हणावं ही इच्छा ठीक आहे. 'म्हणायलाच हवं' झालं की जीभ अडते, कारण एका मागणीसाठी दुसरीवर पाणी सोडावं लागतं. ज्यांना आपण भित्रे म्हणतो त्यांच्यात मला बहुधा धैर्याची कमतरता दिसत नाही, ही दुसरी मागणी दिसते. तावातावाने ओरडणाऱ्यांतही तीच असते, फक्त त्यांना मान हवा असतो.

मग आम्ही बोलणं बसवलं. 'तुम्ही फोन खराब केलात' हे पहिलं वाक्य वगळलं, कारण त्यावर समोरच्याला बचावच करावा लागतो. उरलं ते असं: "दादा, जॉबशीटवर फक्त चार्जिंग लिहिलंय. स्पीकरची तक्रार नव्हती. पट्टी बदलताना स्पीकर काढला होता का? माझ्यासमोर उघडून बघा, आणि आजची तक्रार लेखी घ्या." ओरखड्यांचा विषय मुद्दाम नंतर ठेवला. आधीचा फोटो नव्हता, म्हणून तो मुद्दा कमकुवत होता. कमकुवत मुद्दा आधी काढला की भक्कम मुद्दाही वादात ओढला जातो.

त्या दुकानात गेल्या, हेच बोलल्या आणि नवी जॉबशीट निघाली. तंत्रज्ञाने फोन उघडला, स्पीकर पुन्हा बसवला, आवाज आला. पैसे घेतले नाहीत. ओरखड्यांवर मात्र मॅनेजर ठाम, फोन परत घेताना तुम्ही तपासला नाहीत म्हणाला. या बाई शांतपणे म्हणाल्या, "तेही लेखी द्या."

लेखी नकार मिळाला तर पुढे १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथेही न मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून साधारण दोन वर्षांची मुदत असते. फोन दुरुस्तीला देताना चारही कडांचे फोटो काढून स्थितीच्या रकान्यात 'ओरखडे नाहीत, स्पीकर चालू' लिहून घेतलं, तर यातलं बरंचसं टळतं.

मॅनेजरने लेखी दिलं नाही, मागचं कव्हर बदलून दिलं. कडेची फ्रेम तशीच राहिली. शेवटच्या भेटीत मी विचारलं, फ्रेमसाठी पुढे जायचंय का? "नाही," त्या म्हणाल्या, "त्यासाठी वेळ नाही घालवायचा. पण हे मी ठरवलं, त्या पोराला घाबरून नाही."