मशीनची किंमत ताळेबंदातली की बाजारातली?

प्रश्न: भोसरीत आमचं भागीदारीत वर्कशॉप आहे. ३१ मार्च २०२५ ला मी भागीदारीतून निवृत्त झालो. २०१५ साली २२ लाखांना घेतलेल्या सीएनसी लेथचा मूल्यांकन अहवाल भागीदाराने आणलाय. किंमत सव्वाचार ते पाच लाख. सोबत अहवालाची प्रत पाठवतोय. हिशोबावर सही करू का?

उत्तर: तूर्त नको. आधी करारनामा काढून बघा. निवृत्त भागीदाराचा हिशोब पुस्तकी किमतीने करायचा, असं कलम त्यात असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. नसेल तर बाजारभाव मागा.

अहवालात पद्धत म्हणून 'घसारा वजा जाता किंमत' एवढंच लिहिलंय. २२ लाखांतून दरसाल १५ टक्के घटत्या दराने वजा केले की दहा वर्षांनी साधारण ४.३३ लाख उरतात. म्हणजे आकडा सीएच्या तक्त्यातून उचललाय. हा घसारा प्राप्तिकरासाठी असतो. स्पिंडल कसा चालतो, बेड किती झिजलाय, हे त्याला ठाऊक नसतं.

तुलनेसाठी तीन व्यवहार जोडलेत खरे, पण निष्कर्षात ते वापरलेलेच नाहीत. त्यातला डीलरचा ११ लाखांचा भाव ही नुसती मागणी आहे, विक्री नव्हे. तो बाजूला ठेवा. दुसरा बँकेच्या लिलावातला, ६ लाखांचा. 'जसे आहे तसे' विकलेल्या मालाचा, म्हणून तळाचा. खरा उपयोगी तिसरा: त्याच मॉडेलचं २०१७ चं मशीन, बिलासह ९ लाखांना. त्यासोबत बार फीडर गेला, त्याचा एक लाख वजा करा. मशीन दोन वर्षांनी नवं, म्हणून समजा १० टक्के आणखी. उरतात ७.२० लाख. मग साडेसहा ते साडेसात हा पल्ला समजण्यासारखा आहे. वजावटींचे आकडे मी ढोबळ धरलेत. मूल्यांककाने प्रत्येकाचं कारण लिहायला हवं.

गृहीतकं शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहेत. 'मशीन बंद अवस्थेत पाहिले' आणि 'तातडीने विक्री होईल असे धरले'. भागीदार तर तेच मशीन जागेवर चालवणार आहे, मग तातडीची विक्री कुठून आली? शिवाय मूल्यांकन पाहणीच्या तारखेचं आहे, निवृत्तीच्या तारखेचं नाही.

यंत्रसामग्री या वर्गात नोंदणी असलेल्या मूल्यांककाकडून दुसरा अहवाल करून घ्या. मशीन चालवून, तुमच्या समोर. भागीदार मशीन दाखवत नसेल तर लेखी मागणी करा आणि पोच जपून ठेवा.

प्रकरण कोर्टात गेलंच तर अहवाल हे तज्ज्ञाचं मत ठरतं, निकाल नव्हे; मूल्यांककाची उलटतपासणी होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली बाजारभाव ठरवायला कोर्ट कमिशनर मागता येतो. करारात लवादाचं कलम असेल तर मात्र आधी लवाद.

हिशोब न चुकवता भागीदार धंदा चालवत असेल, तर भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे तुमच्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा किंवा सालाना ६ टक्के व्याज, यांपैकी एक निवडण्याचा हक्क तुमचा. करारात वेगळं ठरलं नसेल तर. नोटिशीत ही मागणी विसरू नका.