सिरीयस मेसेज आला की तो इंग्रजीत का शिरतो

अगं बाळा,

तू पाठवलेला स्क्रीनशॉट नीट वाचला. तू लिहिलंस, ‘आईला असं सोडून मी लगेच बेंगळुरूला कशी येऊ रे, तूच सांग’, आणि त्याचं उत्तर आलं, ‘आय अंडरस्टँड युवर कन्सर्न, बट वी नीड टु डिसाइड बाय फ्रायडे’. आदल्या रात्री ‘जेवलीस का गं’ विचारणारा माणूस एकदम एचआरसारखा बोलायला लागला, तुला रडू येणारच. पण तो तुटक झाला असं लगेच धरू नकोस. तू खानापूरला मराठी शाळेत शिकलेली, तो टिळकवाडीत इंग्लिश मीडियमला, आणि आता दिवसभर ऑफिसचे अवघड विषय तो इंग्रजीतच निस्तरतो, त्यामुळे टेन्शन आलं की हात आपोआप तिकडे वळतो. आपल्या बेळगावात अशी जोडपी घरोघरी आहेत.

ओळखायचं कसं, तर इंग्रजी कुठे सुरू झाली आणि कुठे थांबली ते बघ. अवघड वाक्यापुरती आली आणि पुढच्या मेसेजला ‘अगं’ परत आलं तर तो गांगरलाय, बाकी काही नाही. पण जेवणाखाण्याच्या साध्या बोलण्यातूनही ‘गं’, ‘ना’ गेले आणि तसेच दिवस चालले तर मात्र फोन करून सरळ विचार.

अजून एक, मराठीत लिहिलं की आपोआप प्रेमळ होतं असंही नाही. 2003 साली एक अभ्यास छापून आला होता, मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांचा. लहानपणी खाल्लेल्या ओरड्याचे शब्द तुर्कीत ऐकले की त्यांच्या त्वचेवर मोजता येणारी प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा जास्त यायची. म्हणजे माया जशी पोचते तसा टोमणाही पोचतो, त्यामुळे ‘तुम्हीच ठरवा, तुम्ही मोठे’ असलं रागाचं तुम्ही-तुम्ही टाइप करायच्या आधी थांब, ते त्याला फार खोल लागेल.

तारीख, डिपॉझिट, नोटीस पिरियड हे सगळं खुशाल इंग्रजीत असू दे, त्यात कुणाचं मन दुखत नाही. पण सुरुवात, तुझ्या मनातलं आणि मागणी मराठीत ठेव. म्हणजे असं बघ: ‘अरे ऐक ना, तुला फ्रायडेचं प्रेशर आहे ते कळतंय मला. आईचं ऑपरेशन झाल्यावर फर्स्ट वीकमध्ये शिफ्ट करू, डिपॉझिट आत्ता भरून टाक. पण मला भीती वाटायलीय रे, आज रात्री फोन कर.’ निर्णय तोच राहिला, पण त्याला धरून बोलायला काहीतरी मिळालं. ‘ओके, नोटेड’ मात्र पाठवू नकोस, त्याच्या इंग्रजीला तुझी इंग्रजी लागली की दोघंही मीटिंगमध्ये बसल्यासारखी होता.

आणि काही गोष्टी त्याला इंग्रजीतच सांगता येत असतील, लाज वाटणाऱ्या, घरात कधी कुणी न बोललेल्या, तर त्या तशाच सांगू दे, मराठीचा हट्ट धरू नकोस. फक्त शेवटची एक ओळ त्याने तुझ्यासाठी मराठीत लिहावी, एवढंच माग.

तुझी,
मावशी