वडिलांच्या नावाने आलेली आयकर नोटीस आणि त्यांचं रिटर्न

बाबा सप्टेंबरमध्ये गेले. रिटर्न भरायचं राहिलंय, आणि आता त्यांच्याच नावाने नोटीस आली. नागपुरात आई आणि मी. उत्तर कोणी द्यायचं?

सगळ्यात आधी बाबांच्या लॉगिनमधून काहीही पाठवू नका. स्वतःच्या पॅनने आयकर पोर्टलवर जा आणि मृत व्यक्तीचे कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. महापालिकेचा मृत्यू दाखला, बाबांचा आणि तुमचा पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागेल. मंजुरी आली की त्यांचं रिटर्न तुमच्या लॉगिनमधून भरता येतं. निधनाच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये १ एप्रिलपासून निधनाच्या दिवसापर्यंतचंच उत्पन्न दाखवा. पुढचं एफडीचं व्याज ज्या वारसाला मिळेल त्याच्या रिटर्नमध्ये येईल.

आता नोटिशीवरची तारीख बघा. ती निधनाआधीची असेल तर नोटीस वैध आहे, कारवाई त्याच टप्प्यावरून तुमच्यावर चालू राहते. नंतरची असेल तर मृताच्या नावाची नोटीस टिकत नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय. तरी गप्प बसू नका. पहिल्याच उत्तरात लिहा: 'करदात्याचं निधन अमुक तारखेला झालं, दाखला जोडला आहे. मृताच्या नावाने काढलेल्या या नोटिशीला माझी हरकत आहे.' हरकत न घेता हिशेब देत बसलात, तर पुढे हा मुद्दा दुबळा होतो. मुदत शिल्लक असल्यास विभाग तुमच्या नावाने नवी नोटीस काढू शकतो.

आईला मात्र एवढं नक्की सांगा: कर निघालाच, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १५९ नुसार वारसाची जबाबदारी बाबांच्या मालमत्तेतून जेवढा भरता येईल तेवढीच.