पाळी गेल्यावर हॉर्मोन घ्यावेत का?

«वय ४९, पाळी बंद होऊन १४ महिने झाले. रात्री घामाने भिजून तीन-चारदा जाग येते. गर्भाशय काढलेलं नाही, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर हॉर्मोन घ्या म्हणतात, बहीण म्हणते कॅन्सर होतो. काय करू?»

इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र नको तितकं हळवं होतं. अंग किंचित तापलं तरी ते घाम फोडतं. त्याच काळात हाडं झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, म्हणून पाळी गेल्यावरची पहिली काही वर्षं हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. इस्ट्रोजेन या दोन्हींवर उपयोगी पडतं, आणि घामावर त्याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही.

कॅन्सरची भीती पसरली ती मुख्यतः २००२ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासामुळे. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन प्रोजेस्टिन दोन्ही घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ३८ केसेस निघाल्या, न घेणाऱ्यांत ३०. म्हणजे ८ जास्त. धोका खोटा नाही, आणि जितकी वर्षं घ्याल तितका तो वाढतो. पण खुब्याचं हाड मोडणाऱ्या ५ कमी झाल्या, हे कुणी सांगत नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. तुम्ही दोन्हींत बसता.

बीपी आटोक्यात असेल तर अडचण नाही. नसेल तर आधी ते आणा. इस्ट्रोजेन मात्र गोळीऐवजी जेल किंवा पॅचमधून मागा. गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून घेतलेलं औषध हा फेरा टाळतं.

गर्भाशय असल्याने प्रोजेस्टेरॉन सक्तीचं आहे. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. पाळी जाऊन वर्ष उलटलंय, तेव्हा बहुधा १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री देतील. चूक होते ती इथेच: कॅप्सूलने गुंगी येते म्हणून बायका ती सोडतात आणि जेल मात्र चालू ठेवतात. झोपताना घ्या, गुंगी कामीच येईल. सुरुवातीचे काही महिने थोडे डाग पडू शकतात. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघायलाच हवी.

स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, हार्ट अटॅक, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव यांतलं काही होऊन गेलं असेल वा आत्ता असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तसं काही नसेल तर बीपी मोजून, मॅमोग्राफी करून सुरू करा. तीन महिन्यांनी घाम किती कमी झाला ते पाहून डोस ठरवतात, पुढे दर वर्षी चालू ठेवायचं का ते पुन्हा बघतात.