स्वल्पविराम दिसला की श्वास घेऊ नकोस

प्रिय पोरी,

डॉक्युमेंटरीच्या निवेदनाची तू पाठवलेली फाईल दोनदा ऐकली. एकदा कानाला हेडफोन लावून, आणि एकदा फोन टेबलावर ठेवून मी शेजारच्या खोलीत जाऊन. दुसरी पद्धत तुलाही सांगून ठेवतो. शब्द ओळखू येणार नाहीत इतक्या लांबून ऐकलं, तरी माणूस बोलतोय की वाचतोय ते नुसत्या चालीवरून कळतं. तुझी चाल पहिल्या वाक्याला बोलण्याची होती आणि दुसऱ्यापासून वाचनाची झाली. आवाज छान आहे, ळ आणि ण स्वच्छ आहेत, त्याबद्दल बोलायला काही नाही. अडचण आहे ती श्वास कुठे घेतेस, वजन कुठे देतेस आणि वेग कुठे बदलत नाहीस, यात.

तुझ्या स्क्रिप्टमधला काँग्रेस अधिवेशनाचा परिच्छेदच घेऊ या. लेखकानं असं लिहिलंय:

‘१९२४ साली बेळगाव येथे भरविण्यात आलेल्या काँग्रेसच्या ३९व्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान महात्मा गांधी यांनी भूषविले असून, हे त्यांच्या आयुष्यातील एकमेव अध्यक्षपद ठरले. या अधिवेशनाकरिता खोदण्यात आलेली विहीर आजही टिळकवाडी येथे अस्तित्वात आहे.’

हे डोळ्यांनी वाचायला ठीक आहे. तोंडानं म्हणायला मात्र पहिलं वाक्य म्हणजे घाटाचा चढ. ‘भूषविले असून’पर्यंत तुझी हवा संपते, तिथे स्वल्पविराम दिसतो, तू तिथे घाईनं श्वास ओढतेस आणि तो माईकवर ऐकू येतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे ‘असून’वर आवाज वर टांगून ठेवतेस, सगळे बातम्या वाचणारे ठेवतात तसा. घरी कुणाला काही सांगताना असा आवाज टांगलेला आठवतोय का तुला?

म्हणून आधी हे कर. स्क्रिप्ट उलटी ठेव आणि घरातल्या कुणालाही, मावशीला म्हण हवं तर, हीच गोष्ट तोंडी सांग. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव. तू बहुतेक असं काही म्हणशील: ‘अगं, चोवीस साली आपल्याकडे काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं ना, त्याला अध्यक्ष गांधीजी होते. आणि आख्ख्या आयुष्यात ते एकदाच अध्यक्ष झाले, ते इथं. ती टिळकवाडीतली विहीर त्या वेळचीच.’ आता हे रेकॉर्डिंग ऐक. ‘अधिवेशन झालं होतं ना’ तू भरभर उरकलंस, कारण ते मावशीला ठाऊक आहे. ‘एकदाच’पाशी हळू झालीस. ‘ते इथं’च्या आधी क्षणभर थांबलीस, पण श्वास घेतला नाहीस. बोलण्याचा सगळा नकाशा या रेकॉर्डिंगमध्ये आहे. लेखकाच्या वाक्यांवर तोच नकाशा पेन्सिलीनं उतरवायचा.

थांबण्याच्या खुणा मी दोनच ठेवतो. एक तिरकी रेघ म्हणजे थांबायचं, श्वास घ्यायचा नाही. दोन रेघा म्हणजे श्वास. आणि वजनासाठी एका वाक्यात एकाच शब्दाखाली रेघ, फार तर दोन.

‘१९२४ साली / बेळगाव येथे भरविण्यात आलेल्या काँग्रेसच्या ३९व्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान / महात्मा गांधी यांनी भूषविले असून, हे त्यांच्या आयुष्यातील // एकमेव अध्यक्षपद ठरले. //’

बघ, स्वल्पविरामावर काहीच खूण नाही. तिथून सरळ पुढे जायचं आणि श्वास घ्यायचा तो ‘आयुष्यातील’नंतर. व्याकरणानं ही जागा चुकीची वाटेल. पण ऐकणारा त्या क्षणी ‘काय?’ म्हणून थांबलेला असतो, म्हणून तिथला श्वास त्याला अडखळल्यासारखा वाटत नाही, तू विचार करून सांगतेयस असा वाटतो. शिवाय ‘एकमेव’ या शब्दाला ताजी हवा मिळते. हे प्रत्येक वाक्यात करू नकोस. परिच्छेदात एकदा केलं तर खुलतं, चारदा केलं तर नाटकी होतं.

एवढं लांब वाक्य एका दमात जात नसेल तर दिग्दर्शकाला सांगून मोडून घे. चांगले दिग्दर्शक नाही म्हणत नाहीत: ‘१९२४ साली बेळगावात काँग्रेसचं ३९वं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते महात्मा गांधी. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं, ते इथं.’ मजकूर तोच, फक्त ‘भरविण्यात आलेल्या’ आणि ‘भूषविले असून’ गेले. आणि आकडे स्क्रिप्टवर अक्षरांत लिहून घे: एकोणीसशे चोवीस, एकोणचाळिसावं. आपले आकडे जोडाक्षरासारखे एकात एक गुंतलेले. डोळ्याला ३९ दिसलं की जीभ एक क्षण अडते, आणि तो क्षण रेकॉर्ड होतो.

आता वजनाबद्दल. तू जवळजवळ प्रत्येक वाक्यात क्रियापदावर जोर देतेस: ‘अस्तित्वात आहे’, ‘ठरले’, ‘आले होते’. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून वाचणाऱ्याचा हातोडा तिथेच पडतो आणि सगळी वाक्यं एकाच सुरात जमिनीवर येतात. खरं म्हणजे नवी माहिती बहुतेक वेळा क्रियापदाच्या अलीकडच्या शब्दात असते. ‘अध्यक्ष होते महात्मा गांधी’सारखं उलटलेलं वाक्य सोडलं, तर वजन तिथे दे आणि क्रियापद सोडून दे. सोडून दे म्हणजे गिळू नकोस. शेवटच्या ‘आहे’पर्यंत हवा पुरली पाहिजे, नाहीतर पुढे कधी ‘नाही’ असेल तेव्हा तेही गिळशील आणि वाक्याचा अर्थच उलटा ऐकू जाईल.

कोणता शब्द नवा, हे पडद्यावर काय दिसतंय त्यावर ठरतं. विहिरीच्या वाक्याला कॅमेरा जर आधीच विहिरीवर असेल, तर ‘विहीर’वर जोर देऊन काय सांगणार? लोकांना ती दिसतेय. तिथे वजन ‘आजही’वर. पण वाक्य सुरू होताना पडद्यावर अधिवेशनाचे जुने फोटो असतील आणि विहीर नंतर येणार असेल, तर ‘विहीर’ नवी. मग तो शब्द थोडा सावकाश म्हण आणि ‘आजही’ सहज जाऊ दे. फिल्म कुणासाठी आहे तेही बघ. बेळगावातल्या माणसाला काँग्रेस रोड रोजचा, त्याला विहिरीचं नवल नाही, पण ‘एकदाच’ त्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला दोन्ही नवं. म्हणून टेक देण्याआधी चित्र बघितल्याशिवाय राहू नकोस. कच्चं एडिट नसेल तर निदान शॉटची यादी तरी माग.

जोर म्हणजे आवाज वाढवणं, असं तुला कुणी शिकवलंय का? तुझ्या फाईलमध्ये जोराचा शब्द दर वेळी मोठा होतो. बोलताना आपण तसं क्वचित करतो. शब्द लांबवतो, त्याच्या आधी किंचित थांबतो, सूर बदलतो, कधी तर आवाज उलट खाली आणतो. ‘एकमेव’ हळू आवाजात म्हणून बघ. आणि जिथे लेखकानं ‘च’ किंवा ‘ही’ लावलंय तिथे तुझं काम निम्मं झालेलं असतं, ‘एकदाच’मध्ये जोर शब्दातच आहे. त्यावर आणखी जोर दिलास तर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसारखं ऐकू येतं.

श्वास घ्यायचा कसा, यावर तुला कुणीतरी ‘पोट भरून श्वास घे’ असं सांगितलेलं दिसतं. तू प्रत्येक वाक्याआधी छाती पूर्ण भरतेस. त्यामुळे पहिला शब्द ढकलल्यासारखा बाहेर येतो आणि शेवट ढेपाळतो. एडिटिंगच्या पडद्यावर आवाजाची रेघ बघ, दर वाक्य सुरुवातीला जाड आणि शेवटी सुतासारखं झालंय. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बस, हात खालच्या बरगड्यांवर ठेव. आधी हवा सोड. मग तोंड किंचित उघडं ठेवून थांब, हवा आपोआप आत येते आणि आवाजही होत नाही. खांदे हलले तर श्वास वरवरचा. सहा-सात शब्दांच्या वाक्याला अर्धा श्वास पुरतो, आणि बोलताना आपण तेवढाच घेतो. खूप हवा साठवून बोलणारा माणूस नेहमी भाषण करतोय असं वाटतं.

वेगाबद्दल मी तुला मिनिटाला इतके शब्द असा आकडा देणार नाही. इंग्रजीतले आकडे आपल्याला लागू नाहीत, आपला एकेक शब्द प्रत्यय लावून लांबलेला असतो. वेग ओळीगणिक बदलतो की नाही ते तपास. तुझा परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीनं चालतो. जुनी, ठाऊक माहिती उरकून टाक, नवीपाशी हळू हो, आणि चित्र बदललं की लगेच बोलू नकोस. नव्या शॉटला अर्धा-एक सेकंद डोळ्यांनी बघू दे, मग बोल. विहिरीवर पाणी ओढण्याचा आवाज असेल तर त्याच्या अंगावर बोलू नकोस, संपू दे.

तू पत्रात लिहिलंस की बेळगावी हेल लपवायला दोन महिने प्रमाण भाषेचा सराव केलास. तो सराव पुरे आता. ‘काय करूलास’ म्हणणारी मुलगी डॉक्युमेंटरीत ‘काय करतो आहेस’ म्हणेल, हे ठीक. पण वाक्याच्या शेवटी तुझा सूर जो थोडा वर जातो, कानडी आणि मराठी दोन्ही शेजारी ऐकत वाढलेल्यांचा जातो तसा, तो राहू दे. तो काढलास म्हणून तर उरलेली चाल कुणाचीच वाटत नाही. गावांची नावंही तशीच. चिक्कोडी, हुक्केरी, सौंदत्ती ही नावं आली की तू आधी थांबतेस आणि परक्या शब्दासारखी सांभाळून उच्चारतेस. तुझ्या बसच्या पाट्यांवरची नावं आहेत ती. बसमध्ये कंडक्टरला सांगतेस तशी सांग.

माईकचं थोडक्यात: तोंडापासून वीतभर लांब, आणि तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट बसणार नाही. मध्ये जीभ टकटक वाजायला लागली की पाणी पी, दूध-चहा रेकॉर्डिंगच्या आधी नको.

तुझ्या फाईलमध्ये वाक्यांच्या मधले सगळे श्वास एडिटरनं कापून टाकलेत, ते मला कळलं. दोन वाक्यांमध्ये एकदम पोकळी येते आणि कान दचकतो. श्वास कापायचे नाहीत, फार मोठा असेल तेवढा थोडा हळू करायचा. त्याला सांगून बघ, आणि तो ऐकत नसेल तर मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेव.

आता तोच परिच्छेद तीनदा कर. आधी मावशीला तोंडी, मग लेखकाच्या शब्दांत पेन्सिलीच्या खुणांसह, मग मोडून घेतलेल्या वाक्यांत. तिन्ही फाईली न कापता पाठव, आणि पेन्सिलीच्या कागदाचा फोटोही. श्वास कुठे घेतलास ते मला कागदावर आणि कानावर दोन्हीकडे ताडून बघायचंय.

तुझा,
काका