एक ऑफर हातात, दुसरी कंपनी अजून बोलत नाही: तारीख कशी विचारायची

"ताई, मी वेर्ण्याला एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहे, नोटीस ९० दिवसांची. आज, मंगळवारी ३ तारखेला, जर्मनीतल्या एका कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट आलं. सही करून १३ तारखेच्या शुक्रवारपर्यंत पाठवायला सांगितलंय. पण मला मनापासून हवी आहे ती जर्मनीतलीच दुसरी कंपनी. तिथे दोन मुलाखती झाल्या, तिसरी कधी ते कळत नाही. त्यांना या ऑफरचं सांगितलं तर ते दबाव टाकतोय असं समजून मला काढून टाकतील का? सांगायचं तर कसं?"

सांग, आणि उद्याच सांग. ऑफर आहे म्हणून तिथे कोणी रागावत नाही. त्यांना राग येतो तो १२ तारखेला संध्याकाळी "उद्यापर्यंत उत्तर द्या" असा मेल आला की, कारण तेव्हा त्यांच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तू आता त्यांना सात दिवस देऊ शकतोस. सात दिवसांत मुलाखत होते, निर्णयही होतो.

मी हे स्वतः चूक करून शिकले. डिचोलीहून इथे जर्मनीत यायच्या आधी माझ्याकडेही एक कॉन्ट्रॅक्ट आलं होतं, बुधवारपर्यंत सही करायची होती. मी आदल्या शुक्रवारी दुपारी दुसऱ्या कंपनीतल्या टीमच्या मॅनेजरला लांबलचक मेल लिहिला. आधी दोन परिच्छेद आभार, मग माझा अनुभव, आणि तारीख अगदी शेवटच्या ओळीत. उलट आला तो ऑटोमॅटिक मेल: रजेवर आहे, दोन आठवड्यांनी परत येईन. सोमवारी मी वाट पाहिली. मंगळवारी धीर करून एचआरला फोन केला, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "हे आम्हाला शुक्रवारी कळलं असतं तर सोमवारीच मुलाखत ठेवली असती." मी बुधवारी पहिल्या कंपनीवर सही केली. मेल एचआरला गेला असता आणि तारीख पहिल्या ओळीत असती, तर कदाचित मी आज दुसऱ्या शहरात असते.

म्हणून मेल एचआरमधल्या तुझ्याशी बोलणाऱ्या माणसाला पाठव आणि मॅनेजरला सीसीत ठेव. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. तुझ्या दुपारी दीडला तिथे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पाठव म्हणजे दिवसाच्या सुरुवातीला वाचला जाईल. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेला मेल सोमवारचाच समज. विषयात पदाचं नाव आणि "निर्णयाच्या तारखेबद्दल" एवढंच पुरे. आत इंग्रजीत, साधारण या अर्थाचं लिही:

"दुसऱ्या मुलाखतीबद्दल आभार. मला काल दुसऱ्या कंपनीकडून लेखी ऑफर मिळाली असून तिला १३ तारखेच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमच्याकडचं काम मला अधिक जवळचं वाटतं, म्हणून उत्तर देण्याआधी तुमच्याशी बोलावं असं वाटलं. पुढची मुलाखत आणि निर्णय ११ तारखेच्या बुधवारपर्यंत होणं शक्य आहे का? मी या आठवड्यात आणि पुढच्या सोमवारी जर्मन वेळेनुसार दिवसभर उपलब्ध आहे. माझी रुजू होण्याची तारीख यामुळे बदलत नाही."

यातली शेवटची ओळ गाळू नकोस. तुझी नोटीस ९० दिवसांची, वर व्हिसाचा वेळ, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या हिशेबात तू चार-पाच महिन्यांनी येणार, मग घाई कशाची? परदेशातून अर्ज करणाऱ्यांची फाइल बाजूला राहते ती बहुतेक यामुळेच. मुदत सही करण्याची आहे, रुजू होण्याची नव्हे, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय सुचत नाही.

११ तारीख मुद्दाम मागायची. त्यांनी १३ ला दुपारी होकार दिला तर तुला कागद वाचायला वेळ मिळणार नाही. मधले दोन दिवस तुझे.

पगाराचा आकडा या मेलमध्ये अजिबात नको. आपल्याकडे "दुसरी ऑफर आहे" म्हटलं की एचआर ते घासाघीस समजते आणि ऑफर लेटरचा फोटो मागते. तू फक्त वेळ विचारतो आहेस, तेव्हा आकडा घातलास की तुझा प्रश्नच बदलतो आणि ते निर्णयाऐवजी बजेटची चर्चा करत बसतात. पगाराचं बोलणं त्यांचा होकार आल्यावर. पहिल्या कंपनीचं नावही सांगायची गरज नाही. कोणी विचारलंच तर "ते गोपनीय ठेवायला मला आवडेल" म्हण, तेवढ्यावर थांबतात. आणि कोणत्या टप्प्यावर आहेस ते जसं आहे तसं लिही. तुझ्याकडे कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून "लेखी ऑफर". नुसता फोनवर होकार असता तर "तोंडी ऑफर आहे, कागद या आठवड्यात येईल" असं लिहायला सांगितलं असतं. हातात नसलेली ऑफर दाखवणाऱ्याचं काय होतं ते मी एका मित्राच्या बाबतीत पाहिलं. कंपनीने "अभिनंदन, आम्हाला इतक्या लवकर जमणार नाही" असं लिहून त्याची फाइल बंद केली. त्याला ना इकडचं मिळालं ना तिकडचं.

आता त्यांना लवकर करायला सांगितलं तरी किती लवकर शक्य आहे ते बघ. वीसपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आणि कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती, म्हणजे बेट्रीब्सराट, असलेल्या कंपनीत नव्या माणसाला घेण्याआधी समितीची संमती लागते. तिला उत्तरासाठी एक आठवडा असतो, आणि आठवडाभर ती काही बोलली नाही तर संमती धरली जाते. म्हणजे सोमवारी ९ ला मुलाखत, १० ला निर्णय, ११ ला समितीकडे कागद, १८ च्या बुधवारपर्यंत समितीची मुदत आणि त्यानंतर कॉन्ट्रॅक्ट. सगळं सुरळीत झालं तरी १३ च्या आत सहीचा कागद तुझ्या हातात पडणं कठीण आहे. म्हणून मी मेलमध्ये कॉन्ट्रॅक्ट मागितलं नाही, निर्णय मागितला. एचआरकडून पगार आणि पद लिहिलेला "आम्ही तुम्हाला घेऊ इच्छितो, समितीच्या संमतीनंतर कॉन्ट्रॅक्ट पाठवू" असा मेल आला तर मी तो खरा होकार धरेन. समितीला नकार द्यायला कायद्यात नेमकी कारणं सांगितलेली आहेत, मनात आलं म्हणून ती अडवू शकत नाही. पण मॅनेजर फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणाला, याला होकार समजू नकोस.

तसा मेल आला, किंवा त्यांनी "आमचा निर्णय अमुक तारखेला" असं सांगितलं, की मगच पहिल्या कंपनीकडे जा आणि २० च्या शुक्रवारपर्यंत मुदत वाढवून माग. नक्की तारीख हातात नसताना मुदत मागितलीस तर ते विचारणार, किती दिवस? आणि तुझ्याकडे उत्तर नसणार. कारण खरं सांग, थोडक्यात: दुसरीकडची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, देश बदलण्याचा निर्णय पूर्ण विचार करून घ्यायचा आहे, २० तारखेला निश्चित उत्तर देतो. एक आठवडा बहुतेक देतात. नाही म्हणाले तर १३ ला तुला आहे त्या माहितीवर ठरवावं लागेल, आणि लेखी होकार नसेल तर मी पहिलीच घे म्हणेन.

दुसऱ्या कंपनीच्या उत्तरातून तिच्या मनात काय आहे ते कळतं. मुलाखत दोन दिवसांत ठेवली तर तू त्यांच्या यादीत वर आहेस. "आमची प्रक्रिया २५ पर्यंत चालेल, त्याआधी शक्य नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे आणि उपयोगीही, कारण मग तुझा हिशेब सोपा होतो. "अभिनंदन, तुम्ही तुमच्यासाठी योग्य तो निर्णय घ्या" असं गोड पत्र, त्यात तारीख नाही, म्हणजे त्यांच्या समोर तुझ्या आधी कोणीतरी आहे. त्याला नकार समज आणि आभार मानून मोकळा हो. शुक्रवारी ६ च्या सकाळपर्यंत काहीच आलं नाही तर फोन कर. फोनवर पुन्हा सगळी कथा नको, फक्त "बुधवारचा मेल मिळाला का, आणि तारखेचं काही सांगता येईल का" एवढंच.

आता एका गोष्टीची मला काळजी वाटते. गोव्यात तुला कोणीतरी नक्की सांगेल, "आधी सही कर, दुसरी मिळाली की तिकडे जा." तुझ्यासोबत फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्यांपैकी ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांना ते सोपं जातं. ते युरोपीय नागरिक, त्यांना व्हिसा नको, आणि प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस देऊन ते कंपनी बदलू शकतात. तुझा भारतीय पासपोर्ट. तुझा व्हिसा त्या कंपनीच्या कागदांवर निघणार. त्यांनी जलद प्रक्रिया केली तर परदेशी नागरिक कार्यालयाला ४११ युरो फी भरलेली असेल. मध्येच सोडलंस तर सगळं नव्याने, नव्या कंपनीच्या कागदांवर. इथे आल्यावरही ब्लू कार्ड या कामाच्या परवान्याच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदललीस तर कार्यालयाला कळवावं लागतं, आणि ते ३० दिवसांपर्यंत बदल थांबवून तपासू शकतात. शिवाय काही कॉन्ट्रॅक्टमध्ये रुजू होण्याआधी नोटीस देता येणार नाही असं कलम असतं. ते तुझ्या कागदात आहे का हे आज रात्रीच बघ.

दुसऱ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट आलं तर पहिल्याला नकार कळवण्याआधी तीन गोष्टी वाच: वार्षिक पगार ब्लू कार्डच्या त्या वर्षीच्या किमान रकमेच्या वर आहे का, रुजू होण्याची तारीख तुझ्या ९० दिवसांनंतरची आहे का, आणि व्हिसाला उशीर झाला तर ती तारीख पुढे सरकते असं लिहिलंय का. तिन्ही ठीक असतील तर सही कर आणि त्याच दिवशी पहिल्या कंपनीला कळव, त्यांच्याकडेही दुसरा उमेदवार थांबलेला असेल. वेर्ण्यातला राजीनामा मात्र व्हिसा पासपोर्टवर आल्यावरच. रुजू होण्याची तारीख त्या हिशेबाने मागून घे.